अर्ध्या मिलिमीटरचा दहा

दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर अगदी मधोमध एक पांढरा ठिपका असतो. त्याचा व्यास ०.५ मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान. दहा गुण त्या ठिपक्याचे. फायरिंग लाइनवर उभं राहिल्यावर हा ठिपका दिसत नाही. दिसतो तो त्याच्याभोवतीचा ३०.५ मिलिमीटरचा काळा गोल. म्हणून लालबाग-परळ-गिरगावातली शाळेची मुलं सुट्टीत दादरला नेमबाजीच्या चाचणी शिबिराला येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो : जे दिसतच नाही त्यावर नेम धरायचा कसा?

उत्तर असं की ठिपक्यावर नेम धरायचाच नसतो. पीप साईटच्या रायफलीला मागे बारीक छिद्र असतं आणि पुढे नळीच्या टोकाशी एक कडं. छिद्रातून पाहायचं, कड्यात काळा गोल बसवायचा आणि गोलाभोवतीची पांढरी फट सगळीकडून सारखी ठेवायची. फट सारखी असेल तर ठिपका आपोआप मधे येतो, तो दिसण्याची गरज उरत नाही. कमीजास्त झालेली फट डोळ्याला चटकन कळते, पण इतका बारीक ठिपका कळत नाही. ही सगळी रचना त्यावरच उभी आहे.

दुसरा प्रश्न हुशार मुलं विचारतात. छर्रा ४.५ मिलिमीटरचा आणि ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, मग तो ठिपक्यात मावणार कसा? तो मावावा लागत नाही. गुण मोजण्याचा मूळ नियम असा की भोकाची कड ज्या रेषेला नुसती लागेल, त्या रेषेचे गुण मिळतात. ठिपक्याची त्रिज्या ०.२५ मिलिमीटर आणि छर्र्याची २.२५. दोन्ही मिळून २.५. म्हणजे छर्र्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून २.५ मिलिमीटरच्या आत पडला की दहा. पुढचं प्रत्येक वर्तुळ आधीच्या वर्तुळापासून २.५ मिलिमीटरवर आहे, त्यामुळे मध्य तेवढा आणखी सरकला की एक गुण जातो. एक गुणाचं वर्तुळ ४५.५ मिलिमीटर व्यासाचं असतं. त्याला कडही लागली नाही तर शून्य.

कागदाच्या टार्गेटवर हे वाचताना डोळा फसतो. छर्रा आरपार गेल्यावर कागदाचे तंतू थोडे मागे येतात आणि भोक छर्र्यापेक्षा लहान दिसतं. रेषेला लागलं की नाही, यावर मग दोन मुलांत वाद सुरू होतो. तो मिटवण्यासाठी गेज असतो, म्हणजे ठरावीक मापाची धातूची कांडी. ती भोकात अलगद बसवायची, भिंगातून पाहायचं आणि निर्णय द्यायचा. ती एकदाच आणि सरळ बसवायला हवी, कारण तिरकी घातली की भोक मोठं होतं आणि पुढचा निर्णय खोटा ठरतो. भोक नीट वाचता यावं यासाठीच मॅचचे छर्रे चपट्या तोंडाचे असतात. ते कागद स्वच्छ कापतात. टोकदार छर्रा कागद फाडतो आणि फाटलेल्या कडेवरून गुण वाचता येत नाहीत.

आता मोठ्या स्पर्धांत टार्गेट इलेक्ट्रॉनिक असतं आणि गुण दशांशात मोजले जातात. दहाच्या आतल्या त्या २.५ मिलिमीटरचे दहा सारखे भाग करायचे, प्रत्येक पाव मिलिमीटरचा. मध्य पहिल्या पाव मिलिमीटरच्या आत असला तर १०.९, पुढच्या पावात १०.८, असं उतरत शेवटच्या पावात १०.०. त्यानंतर ९.९ सुरू. पाव मिलिमीटरला एक दशांश, हे एवढं लक्षात राहिलं तर कोणताही आकडा ऐकून छर्रा कुठे पडला ते मनात काढता येतं.

११ ऑगस्ट २००८ ची बीजिंग ऑलिम्पिकची अंतिम फेरी यासाठी मुलांना नेहमी सांगावी अशी आहे. अभिनव बिंद्रा प्राथमिक फेरीत ६०० पैकी ५९६ गुण घेऊन चौथ्या स्थानावर होता. अंतिम फेरीच्या शेवटच्या फैरीआधी तो आणि फिनलंडचा हेन्री हॅक्किनेन बरोबरीत आले. बिंद्राने १०.८ मारला, हॅक्किनेनने ९.७. आता हे आकडे मिलिमीटरमध्ये वाचा. बिंद्राच्या छर्र्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत होता, हॅक्किनेनचा तीन ते सव्वातीन मिलिमीटरवर. दोघांच्या अंतरात फरक अडीच ते तीन मिलिमीटरचा. बिंद्राचे ७००.५ झाले आणि सुवर्ण मिळालं. हॅक्किनेनचे ६९९.४ झाले, आणि चीनचा झू चिनान ६९९.७ वर असल्यामुळे तो दुसराही राहिला नाही, तिसरा झाला.

त्या काळी प्राथमिक फेरी पूर्णांकात मोजत, दशांश फक्त अंतिम फेरीत. त्याची अडचण आपल्याच एका नेमबाजाच्या कामगिरीतून स्पष्ट दिसते. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत प्राथमिक फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली. चाळीसच्या चाळीस फैरी दहात! यापुढे जायला जागाच नव्हती. चाळीस वेळा १०.० मारणारी आणि चाळीस वेळा १०.९ मारणारी, पूर्णांकात दोघी सारख्याच. २०१३ पासून एअर रायफलची प्राथमिक फेरीही दशांशात मोजू लागले. २०१८ पासून महिलांच्याही फैरी पुरुषांइतक्या, म्हणजे ६० झाल्या, आणि कमाल गुण ६५४.० झाले. माझ्या मते हा बदल योग्यच होता, कारण आता दहा मारूनही सुधारायला वाव उरतो.

शिबिरातल्या मुलांना मात्र दशांशाच्या आधी वेगळी गोष्ट शिकायची असते, ती म्हणजे कार्ड वाचणं. बेरीज करून मोकळं होणारी मुलं निम्मी माहिती फेकून देतात. समजा, परळच्या एका मुलीने रायफल टेकणीवर ठेवून दहा फैरी मारल्या आणि सगळ्या आठात गेल्या. बेरीज ८०. शेजारच्या लेनवर गिरगावच्या मुलाने मारल्या १०, ९, ६, ८, १०, ५, ९, ७, १०, ६. बेरीज पुन्हा ८०. मुलगा खूश, कारण त्याच्याकडे तीन दहा आहेत. मुलगी नाराज, तिच्याकडे एकही नाही. प्रशिक्षक मात्र आधी मुलीचं कार्ड हातात घेतात.

तिची दहाही भोकं डावीकडे खाली एकत्र आहेत. एका टोकाच्या भोकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या टोकाच्या कडेपर्यंत मोजलं तर दहा मिलिमीटर भरतात. याला ग्रुप म्हणतात. ग्रुपचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून सहा मिलिमीटर दूर आहे. याचा अर्थ ती प्रत्येक वेळी तेच करते आहे, फक्त तिची साईट तिच्यासाठी लावलेली नाही. मागची साईट, छर्रा जिकडे न्यायचा तिकडेच, म्हणजे उजवीकडे आणि वर सरकवायची. ग्रुप सहा मिलिमीटर सरकला की तीच मुलगी, तसाच नेम धरून, बहुतेक दहा आणि एखाददुसरा नऊ मारेल. हिशोबच तसा आहे : ज्या ग्रुपची कडेपासून कडेपर्यंतची रुंदी ९.५ मिलिमीटर किंवा कमी आहे, तो नीट मधे आणला तर शंभरपैकी शंभर देऊ शकतो.

मुलाच्या कार्डावर साईट फिरवून काही होणार नाही. त्याची भोकं चारी बाजूंना आहेत. कधी श्वास सुरू असताना ट्रिगर दाबला गेला, कधी गाल बटावर वेगळ्या जागी टेकला, कधी फैर सुटताक्षणी कार्ड पाहायला डोकं उचललं. त्याचे तीन दहा हेही त्या विखुरण्याचाच भाग आहेत. नवशिके इथे एक चूक हमखास करतात. प्रत्येक फैरीनंतर साईटचे क्लिक फिरवतात. त्याने विखुरणं वाढतंच, आणि चूक साईटची की हाताची हे मग कोणालाच सांगता येत नाही. निदान पाच फैरी होईपर्यंत साईटला हात लावू नये.

हाताची चूक किती महाग पडते तेही मोजून पाहता येतं. पुढच्या आणि मागच्या साईटमध्ये ८० सेंटिमीटर अंतर धरा. टार्गेट १० मीटरवर, म्हणजे त्याच्या साडेबारा पट. नळीचं टोक एक मिलिमीटर हललं तर कार्डावर छर्रा १२.५ मिलिमीटर सरकतो, आणि त्यात पाच गुण जातात. एक गुण गमवायला टोक ०.२ मिलिमीटर हललेलं पुरतं. श्वास, नाडीचे ठोके, बोटाचा झटका यांबद्दल प्रशिक्षक इतकं का बोलतात, ते या हिशोबात आहे.

गुणांच्या या बारीक मोजमापापुढे शून्य मात्र फार सहज मिळतं. अथेन्स ऑलिम्पिकमध्ये २००४ साली ५० मीटर रायफल तीन स्थितींच्या अंतिम फेरीत अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स शेवटच्या फैरीआधी तीन गुणांनी आघाडीवर होता. त्याने शेवटची फैर मारली, पण शेजारच्या टार्गेटवर. नियमाने त्या फैरीला शून्य मिळालं आणि तो पहिल्यावरून आठव्या स्थानावर गेला. याला क्रॉस फायर म्हणतात. शिबिरातही हे घडतं. दहा फैरींनंतर एका कार्डावर नऊ भोकं आणि शेजारी अकरा, असं दिसलं की समजावं. उपायही सोपा आहे. रायफल खांद्याला लावल्यावर, साईटमधून पाहण्याआधी, उघड्या डोळ्यांनी आपल्या लेनचा आकडा एकदा वाचायचा आणि मगच डोळा साईटकडे न्यायचा.

एमन्सची गोळी चुकीच्या दिशेने गेली तरी टार्गेटच्या भिंतीतच थांबली. रेंजचे बाकीचे नियम आहेत ते असं नेहमीच व्हावं यासाठी. एअर रायफलचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतो आणि सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने सुटतो. दहा मीटर अंतर तो ०.०६ सेकंदात कापतो. डोळ्यात गेला तर डोळा जातो. आपल्याकडे अनेक मुलांनी पहिली बंदूक धरलेली असते ती गिरगाव चौपाटीवर फुगे फोडताना, आणि तिथली सवय पहिल्याच दिवशी मोडावी लागते. तिथे बोट सुरुवातीपासून ट्रिगरवर असतं, आणि फुगा फुटला की मूल बंदूक हातात घेऊनच आईकडे वळतं. रेंजवर असं वळणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. नळीचं तोंड टार्गेटच्या दिशेने किंवा ठरवून दिलेल्या सुरक्षित दिशेने, रायफल रिकामी असली तरीही. रिकामी आहे हे तुम्हाला माहीत असतं, शेजारच्याला नसतं.

शेजारच्यालाही ते कळावं म्हणून सेफ्टी फ्लॅग असतो. चमकदार रंगाची ही दोरी एअर रायफलमध्ये नळीच्या एका टोकातून घालून दुसऱ्या टोकातून बाहेर काढतात. दोन्ही टोकांना ती दिसली पाहिजे. कारण साधं आहे : नळीत छर्रा अडकलेला असेल तर दोरी आरपार जाणारच नाही. म्हणजे रायफल रिकामी असल्याचा तो दुरून दिसणारा पुरावा आहे. नुसती ब्रीचमध्ये खोचलेली आखूड दोरी हा पुरावा देत नाही. रायफल पेटीतून काढताना, टेबलावर ठेवताना, पुन्हा पेटीत घालताना फ्लॅग आत आणि बोल्ट उघडा, असंच असलं पाहिजे. फायरिंग लाइनच्या पुढे कोणी कार्ड बदलायला गेलं असेल तर रायफलीला हातही लावायचा नाही. साईट पुसायची नाही, स्लिंग सरळ करायची नाही. सगळ्यांनी लाइनपासून एक पाऊल मागे उभं राहायचं.

हुकूम मोजके आहेत. ‘लोड’ ऐकल्यावर छर्रा भरायचा, ‘स्टार्ट’ ऐकल्यावर मारायचं, ‘स्टॉप’ला थांबायचं, ‘अनलोड’ला रायफल रिकामी करायची. मुलं अडखळतात ती ‘स्टॉप’ला. नेम जमून आलेला असतो, बोट ट्रिगरवर अर्धं दाबलेलं असतं आणि हुकूम येतो. मनात येतं, एवढी एक मारून घेऊ. स्पर्धेत ‘स्टॉप’नंतर सुटलेल्या फैरीला शून्य मिळतं, आणि रेंज ऑफिसरला ते धोकादायक वाटलं तर स्पर्धेतून बादही करता येतं. शिबिरात तर त्या मुलाला त्या दिवसापुरतं मागे बसवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. धोका दिसला तर ‘स्टॉप’ ओरडण्याचा हक्क रेंजवरच्या प्रत्येकाला असतो, सगळ्यात लहान मुलालाही, आणि तो ओरडला म्हणून त्याला कोणी रागावता कामा नये. ‘स्टॉप’ झाला आणि छर्रा आत राहिला, तर रायफल खाली ठेवायची नाही, कोणाच्या हातात द्यायची नाही. तोंड टार्गेटकडे ठेवून मोकळा हात वर करायचा आणि म्हणायचं, ‘सर, लोडेड आहे.’ पुढचं प्रशिक्षक पाहतील.

हात वर करण्याचे आणखी काही प्रसंग आवाजावरून आणि कार्डावरून ओळखता येतात. फैरीचा आवाज नेहमीसारखा आला नाही आणि कार्डावर भोकच नाही, तर बहुधा छर्रा न भरताच ट्रिगर दाबला गेला. सामन्याच्या फैरी सुरू झाल्यावर अशी नुसती हवा सोडली तरी ती फैर धरली जाते आणि शून्य मिळतं. आवाज दबका आला आणि छर्रा बराच खाली लागला, तर नळीत दोन छर्रे गेले असण्याची शक्यता आहे. एक भरल्याचं विसरून मूल दुसरा भरतं. भोक वेडंवाकडं फाटलं आणि फैर ग्रुपपासून दूर गेली, तर छर्रा उलटा भरला गेला असेल. चपटं तोंड पुढे आणि पोकळ घेर मागे, हे दर वेळी बोटाने चाचपून पाहायचं. आणि आवाज झाला, छर्रा बाहेरच आला नाही, तर नळीत डोकावून पाहायचं नाही. कधीही नाही.

हवेच्या सिलिंडरला मुलांनी हात लावू नये. त्यात २०० बारपर्यंत दाब असतो आणि त्यावर कोरलेल्या तारखेपासून ठरावीक वर्षांनंतर तो वापरायचा नसतो. ती तारीख पाहणं प्रशिक्षकाचं काम, पण पालकांनी विचारायला हरकत नाही.

या भागातल्या मुलांना लांब जावं लागत नाही, हे सांगितलंच पाहिजे. शिवाजी पार्कजवळच्या स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकात नेमबाजीचं प्रशिक्षण मिळतं, वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. अंजली भागवत दादरच्या कीर्ती कॉलेजमध्ये शिकत असताना एनसीसीतून या खेळात आल्या आणि याच असोसिएशनमध्ये संजय चक्रवर्ती यांच्या हाताखाली तयार झाल्या. देशाची राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर होते. राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवरची एक मोठी पात्रता स्पर्धा आजही त्यांच्या नावाने भरते.

शिबिराला येताना सपाट तळाचे बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि एक वही आणा. वहीत बेरीज लिहू नका, ग्रुप कुठे पडला त्याचं चित्र काढा आणि त्याची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहा. छर्रे तोंडात धरू नका, लाइनवर काही खाऊ नका. छर्रा शिशाचा असतो, आणि बोटाला लागलेलं शिसं घासाबरोबर पोटात जातं. रेंजमधून बाहेर पडल्यावर साबणाने हात स्वच्छ धुवा, मग वडापाव खा.